सॉफ्टवेअर तुमचं, नाव एजन्सीचं. मग अडचणीचा फोन कुणाला?

प्रश्न: आम्ही दोघं मिळून एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. वेबसाइटवरच्या फॉर्ममधून येणाऱ्या चौकश्या ते एका जागी गोळा करतं, कोणती चौकशी कुठल्या जाहिरातीतून आली ते दाखवतं आणि वेळेत उत्तर गेलं नाही तर आठवण करून देतं. सत्तरेक ग्राहक ते थेट आमच्याकडून घेतात. वाढ थांबली म्हणून आम्ही डिझाइन आणि मार्केटिंग एजन्सींना भागीदारीचा प्रस्ताव पाठवला: ३० टक्के कमिशन, आणि हवं तर त्यांच्या नावाने, त्यांच्या लोगोसकट विका. बहुतेकांनी ‘छान आहे, बघतो’ म्हटलं आणि पुढे काहीच झालं नाही. एका मोठ्या एजन्सीने मात्र रस दाखवलाय. त्यांना निम्म्या किमतीत, पूर्ण स्वतःच्या नावाने हवंय. आम्ही दुसऱ्या एजन्सीला द्यायचं नाही, आणि सोर्स कोडही त्यांना द्यायचा. त्यांच्याकडे चाळीस क्लायंट आहेत. कमिशन वाढवून बाकीच्यांकडे परत जावं, की या एकाला हो म्हणावं?

उत्तर:

दोन्ही वाटा एकाच समजुतीवर उभ्या आहेत: एजन्सी हलत नाही, कारण तिला पैसे कमी सुटतात. मला ती समजूतच शंकास्पद वाटते. म्हणून आधी एजन्सीच्या बाजूने हिशेब करून बघू. चलन कुठलंही असू द्या, तुमचा थेट ग्राहक महिन्याला १०० देतो असं धरा. बाकीचे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत. तुमचे खरे आकडे त्या जागी घालून पुन्हा मांडा.

एजन्सीने आठ क्लायंट आणले, तर ३० टक्क्यांनी तिला महिन्याला २४० मिळतात. याच मापात तिच्या माणसाच्या एका तासाचं बिल २५० होतं असं धरू. म्हणजे महिनाभरात एका क्लायंटचा एक फोन आला, ‘फॉर्म भरला पण मेल आलाच नाही’, आणि एजन्सीचा एक माणूस तासभर त्यात अडकला, की आठही क्लायंटचं कमिशन संपलं. वर क्लायंटची नाराजी. कमिशन ४० टक्के केलंत तर ३२० होतील. हिशेब बदलत नाही. हे गणित एजन्सीवाले कागदावर मांडत नाहीत, पण अनुभवाने त्यांना ते ठाऊक असतं. ‘छान आहे, बघतो’ यामागे बहुतेक वेळा तेच असतं.

आता दुसरा आकडा बघा. मार्केटिंग एजन्सी एका क्लायंटकडून दरमहा ठरलेली फी घेते. ती २,००० धरा. असा क्लायंट सोडून जातो तो बहुधा एका वाक्याने: ‘जाहिरातीचे पैसे जातायत, पण आम्हाला त्यातून काय मिळतंय ते कळत नाही.’ तुमच्या सॉफ्टवेअरमुळे त्याला दर महिन्याला दिसलं की इतक्या चौकश्या आल्या, त्यातल्या इतक्या जाहिरातीतून, आणि तो तीन महिने जास्त थांबला, तर एजन्सीला ६,००० मिळाले. त्याच क्लायंटवर वर्षभराचं कमिशन होतं ३६०. तुम्ही त्यांना ३६० ची गोष्ट सांगत होतात. ६,००० चा तुमच्या प्रस्तावात बहुधा उल्लेखही नसेल.

डिझाइन एजन्सीचं दुखणं वेगळं असतं. वेबसाइट तयार झाली, शेवटचं बिल मिळालं, की तिचं उत्पन्न थांबतं आणि पुढचं काम शोधायला लागतं. तिला हवं असतं वेबसाइटनंतरही दर महिन्याला बिल करता येईल असं काहीतरी, जे क्लायंटला फुगवलेलं वाटणार नाही. तिला कमिशन देऊ नका, घाऊक दर द्या. समजा ती तुमच्याकडून दर क्लायंटमागे ६० ने घेते आणि स्वतःच्या देखभालीच्या योजनेत २०० ने देते. त्या २०० मध्ये फॉर्म चालू ठेवणं आलं, आणि महिन्यातून एकदा चौकश्यांवर नजर टाकून क्लायंटला चार ओळी लिहिणंही आलं. आठ क्लायंटमागे १,१२० सुटतात. त्यातले दोन तास सपोर्टला गेले म्हणून ५०० वजा करा. ६२० उरतात आणि क्लायंटशी दर महिन्याला बोलणं राहतं. पुढची वेबसाइट करायची वेळ आली की तो दुसरीकडे विचारत बसत नाही. फरक एवढाच की दर ठरवायचा हक्क एजन्सीकडे गेला. कमिशनमध्ये तो तुमच्याकडे असतो आणि तिच्या मेहनतीला त्यात जागाच नसते.

म्हणून दोन्ही प्रकारच्या एजन्सींना एकच पत्र पाठवणं सोडा.

मार्केटिंग एजन्सीच्या बाबतीत एक नाजूक गोष्ट आहे, आणि ती कुणी तुम्हाला तोंडावर सांगणार नाही. तुमचं सॉफ्टवेअर खरं सांगतं. जाहिरातीच्या दुव्यात घातलेल्या `utm_source` या खुणेवरून चौकशी कुठल्या जाहिरातीतून आली ते कळतं, तसंच कुठल्या जाहिरातीतून एकही आली नाही तेही कळतं. ज्या एजन्सीचं काम बरं चाललंय तिला हे सोन्यासारखं आहे. जिचं चाललेलं नाही, ती ‘बघतो’ म्हणेल आणि बघणार नाही. पण चांगल्या एजन्सीलाही इथे एक रास्त भीती असते. जाहिरातीच्या दुव्यांना ही खूण लावायची राहून गेली, किंवा माणसाने जाहिरात फोनवर पाहिली आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर थेट पत्ता टाकून फॉर्म भरला, तर ती चौकशी तुमच्याकडे ‘थेट आलेली’ म्हणून नोंदली जाते आणि जाहिरातीचं श्रेय जातं. असा अहवाल आधी क्लायंटच्या हातात पडला तर एजन्सीला नसलेल्या चुकीचा खुलासा करत बसावं लागेल. तेव्हा अहवाल आधी एजन्सीला दिसेल, ती टिपण जोडू शकेल आणि मगच क्लायंटकडे जाईल अशी सोय करा. आकडे बदलायची मुभा मात्र देऊ नका. टिपण चालेल, खाडाखोड नाही. एकदा ती मुभा दिली की तुमच्या आकड्यांवर कुणाचाच भरवसा राहणार नाही. माझ्या मते ही एक सोय तुमच्या प्रस्तावात लोगो बदलण्यापेक्षा जास्त वजनाची ठरेल.

आता नावाकडे येऊ. ‘हवं तर तुमच्या नावाने’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, जणू तो वरचा एक गोडवा आहे. भागीदारीचे तीन प्रकार तीन प्रश्नांनी वेगळे होतात: क्लायंटला बिल कोण देतं, अडचण आली की तो कुणाला फोन करतो, आणि त्याला तुमचं नाव माहीत असतं का. नुसती शिफारस असेल तर तिन्हींचं उत्तर तुम्ही. रिसेलर असेल तर बिल एजन्सीचं, पहिला फोनही एजन्सीला, पण नाव तुमचं उघड. व्हाइट-लेबलमध्ये तिन्ही ठिकाणी एजन्सी. तुमच्या प्रस्तावात शिफारशीचं कमिशन आणि व्हाइट-लेबलचं वचन एकत्र आलंय. त्यामुळे वाचणाऱ्याला कळत नाही की रात्री फॉर्म बंद पडला तर जागं कुणी व्हायचं. त्याला हे कळलं नाही, तर तो धोका स्वतःचाच धरतो.

व्हाइट-लेबलचं काम लोगो आणि रंग बदलण्यावर थांबत नाही. पत्त्याचा भाग तुलनेने सोपा आहे. एजन्सी तिच्या डोमेनवर एक नोंद करते:

```
leads.agency.example.  CNAME  custom.maker.example.
```

आणि तुम्ही त्या पत्त्यासाठी एसएसएल प्रमाणपत्र काढून ते आपोआप नवं होत राहील असं बघता. अडचण होते ती ईमेलची. ‘नवी चौकशी आली’ हा मेल एजन्सीच्या नावाने जायचा असेल, तर एजन्सीच्या डोमेनवर डीकेआयएमची, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनकडून आला हे पटवणाऱ्या डिजिटल सहीची, नोंद हवी आणि मेलवर सही त्याच डोमेनची हवी. ती नसेल आणि एजन्सीने डीमार्कचं, म्हणजे ओळख न पटलेल्या मेलचं काय करायचं याचं, कडक धोरण लावलेलं असेल, तर मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो. जीमेल आणि याहूने 2024 पासून पाठवणाऱ्यांवरचे हे नियम आणखी आवळले आहेत. तुमच्या धंद्यात मेल न पोहोचणं म्हणजे क्लायंटचं गिऱ्हाईक हातचं जाणं, आणि त्याचा राग एजन्सीवर निघतो. तेव्हा डीकेआयएमची तपासणी हिरवी झाल्याखेरीज एजन्सीच्या नावाने एकही मेल जाणार नाही, तोवर तो तुमच्याच तटस्थ डोमेनवरून जाईल, हे सॉफ्टवेअरमध्येच पक्कं करून टाका. माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका.

तुमचं नाव कुठेकुठे डोकावतं हे बघायचा एक मार्ग आहे. एक कोरा ईमेल पत्ता घ्या आणि एजन्सीचा क्लायंट होऊन सगळं करून बघा: निमंत्रणाच्या मेलवरून खातं उघडा, पासवर्ड विसरा, मुदत संपलेल्या दुव्यावर टिचकी मारा, नसलेलं पान उघडा, अहवालाची पीडीएफ उतरवून तिची तळटीप आणि फाइलचं नाव बघा, मदतीच्या पानावर जा. पासवर्ड बदलायच्या मेलमधला दुवा आणि पीडीएफची तळटीप या दोन जागी नाव हटकून राहून जातं.

आणि नाव शंभर टक्के लपवायचं वचन मुळात देऊच नका. चौकशीत लोकांची नावं, फोन नंबर असतात. त्यांना युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, लागू होत असेल, तर त्याच्या कलम 28 प्रमाणे एजन्सीला तिच्या वतीने माहिती हाताळणाऱ्या तुमच्यासारख्या उपप्रक्रियादाराला काम देण्याआधी क्लायंटची लेखी संमती लागते. ती सर्वसाधारण असली तरी पुढे उपप्रक्रियादार बदलला किंवा वाढला तर तेही कळवावं लागतं. म्हणजे करारात कुठेतरी तुमचं नाव येणारच. ‘पडद्यावर आणि मेलमध्ये आमचं नाव दिसणार नाही’ असं लिहा. ‘क्लायंटला कधीच कळणार नाही’ असं लिहू नका.

आता तुमच्या बाजूचा हिशेब. थेट ग्राहकाच्या १०० मधून सर्व्हर आणि मेलसेवेला ८, पैसे गोळा करण्याच्या सेवेला ४ आणि सपोर्टच्या वेळेला २३ गेले असं धरा. ६५ उरतात, त्यातून ग्राहक मिळवण्याचा खर्च अजून जायचाय. एजन्सीला ६० ने दिलंत तर सर्व्हरला तेच ८ जातील. बिल एकच असल्याने गोळा करण्याला २. पहिला फोन खरोखरच एजन्सीने घेतला आणि तुमच्याकडे फक्त अवघड प्रश्न आले, तर सपोर्टला ७. उरले ४३, आणि ग्राहक शोधायला काही लागलं नाही. सौदा बरा आहे. पण एजन्सी प्रत्येक फोन तुमच्याकडे ढकलू लागली, तर सपोर्ट पुन्हा २३ वर जातो आणि ६० मधून उरतात २७.

म्हणजे सवलत ही पहिला फोन घेण्याच्या कामाची मजुरी आहे. ते काम झालं नाही तर ती मिळायचं कारण नाही. हे प्रस्तावात साध्या भाषेत लिहा: क्लायंटचे प्रश्न एजन्सी घेईल, एजन्सीची दोन ठरलेली माणसंच आम्हाला लिहितील, आम्ही कामाच्या दिवशी अमुक तासांत उत्तर देऊ, आणि फॉर्म बंद पडला असेल तर कुठल्याही वेळी. एजन्सीच्या त्या दोघांना तुम्ही तासभर बसून शिकवा आणि वारंवार येणाऱ्या दहा-बारा प्रश्नांची उत्तरं नाव न घालता लिहून द्या, म्हणजे ती त्यांना स्वतःच्या नावाने वापरता येतील. पहिल्या दोन महिन्यांत त्यांच्याकडून येणारे प्रश्न मोजा. क्लायंट वाढूनही प्रश्न त्याच संख्येवर राहिले, तर पहिला फोन खरंच तिकडे जातोय. क्लायंटच्या बरोबरीने प्रश्न वाढले, तर तुम्ही सवलतीत थेट विक्री करताय.

प्रत्येक एजन्सीसाठी डोमेन, मेल, रंग लावून देण्यात तुमचा अर्धा दिवस तरी जाईल. म्हणून व्हाइट-लेबलला महिन्याचं किमान बिल ठेवा, समजा पाच क्लायंटइतकं, म्हणजे ३००. ते पहिल्या दिवसापासून लावलंत तर चांगल्या एजन्सीही बिचकतील. पहिला क्लायंट सुरू झाला की किंवा ६० दिवस झाले की, यातलं जे आधी होईल तेव्हापासून लावा. पाच क्लायंटची खात्री नाही अशा एजन्सीला रिसेलर होऊ द्या, तुमच्या उघड नावाने. त्यात कमीपणा नाही, आणि तुमचा अर्धा दिवस वाचतो.

ज्या प्रसंगाचा विचार छोटे सॉफ्टवेअरवाले शेवटी करतात, तो मी तुम्हाला आधी करायला सांगेन: एजन्सीने तुमचे पैसे थकवले, पण तिच्या क्लायंटने एजन्सीला वेळेवर दिलेत. तुम्ही काय कराल? सेवा बंद केलीत, तर ज्याने पैसे भरले त्याच्या चौकश्या हवेत विरतात. चालू ठेवलीत, तर फुकट राबता. आणि क्लायंटला कळवावं म्हटलं, तर त्याच्याशी संपर्क न करण्याचं वचन तुम्ही देऊन बसलेले असता. यातून बाहेर पडायची वाट भांडण होण्याआधीच करारात लिहावी लागते. मी ती अशी लिहीन: बिल ३० दिवस थकलं की नवा क्लायंट जोडता येणार नाही. ४५ दिवसांनी एजन्सीला पडदा फक्त वाचता येईल, पण फॉर्म चौकश्या स्वीकारत राहतील आणि मेल जात राहतील. ६० दिवसांनी आम्ही क्लायंटला थेट लिहू शकू, आणि त्याला आपली सगळी माहिती उतरवून घ्यायला किंवा थेट आमच्याकडे यायला ३० दिवस मिळतील. फॉर्म स्वीकारणं शेवटपर्यंत बंद करायचं नाही, ही अट तुम्ही स्वतःवरच घालताय. प्रामाणिक एजन्सीला ही कलमं खटकणार नाहीत, उलट धीर येईल, कारण तिलाही क्लायंटसमोर तोंड दाखवायचं असतं.

क्लायंटने एजन्सी सोडली तर काय, हेही तिथेच लिहा. चौकश्यांची माहिती क्लायंटची. ती सीएसव्ही फाइलमध्ये त्याला मिळाली पाहिजे. खातं दुसऱ्या एजन्सीकडे किंवा थेट तुमच्याकडे नेता येईल, तेव्हा दर तुमचा नेहमीचा १०० चा. त्याच्या बदल्यात तुम्ही एजन्सीला वचन द्या की थकबाकीचा वरचा प्रसंग सोडला तर करार चालू असताना आणि नंतर वर्षभर तुम्ही तिच्या क्लायंटकडे स्वतःहून जाणार नाही. तिची सगळ्यात मोठी धास्ती हीच असते: आज यांना घरात घेतलं आणि उद्या हेच माझा क्लायंट पळवतील. हे वचन प्रस्तावाच्या वरच्या भागात असू द्या. करारातल्या शेवटच्या पानावर ते कुणी वाचत नाही.

आता त्या मोठ्या एजन्सीचं. चाळीसही क्लायंट खरोखर आले असं क्षणभर धरू, जरी ‘आमच्याकडे चाळीस क्लायंट आहेत’ याचा अर्थ चाळीस जण तुमचं सॉफ्टवेअर घेतील असा होत नाही. निम्म्या किमतीने महिन्याला २,००० येतील. आज तुमचे सत्तर ग्राहक ७,००० देतात. म्हणजे एकूण ९,००० पैकी २२ टक्के एका सहीवर अवलंबून. पहिला फोन घ्यायचं त्यांनी कुठेही म्हटलेलं दिसत नाही. मग ५० मधून ८, २ आणि २३ गेले, १७ उरले. चाळीस क्लायंटचे मिळून ६८०. तुमच्या दहा-अकरा थेट ग्राहकांमागे आजच इतकं उरतं. चाळीस जणांचा त्रास घेऊन दहा जणांचे पैसे, आणि वर इतर सगळ्या एजन्सींची दारं बंद.

तरी मी त्यांना सरळ नाही म्हणणार नाही. त्यांच्या मागण्यांत भीती कुठली आणि घासाघीस कुठली, हे वेगळं करा. सोर्स कोडची मागणी बहुधा भीतीपोटी आलीय: दोनच माणसं आहेत, उद्या यांनी दुकान बंद केलं तर आमचे चाळीस क्लायंट कुठे जातील? ही भीती बरोबर आहे, तिला उत्तर द्या. सोर्स कोड तिसऱ्या पक्षाकडे जमा ठेवायची सोय असते. सॉफ्टवेअरच्या धंद्यात तिला एस्क्रो म्हणतात. तुम्ही सेवा बंद केलीत किंवा दिवाळं निघालं, तरच तो त्यांच्या हाती जाईल, तोही फक्त त्यांच्या त्या वेळच्या क्लायंटसाठी चालवायला, विकायला नाही. खर्च त्यांनी करावा. सोबत लिहून द्या की सेवा बंद करायची झाली तर १८० दिवस आधी कळवू आणि माहिती केव्हाही उतरवून घेता येईल. एवढ्यावर बऱ्याच जणांचं समाधान होतं. झालं नाही, तर त्यांना भागीदार व्हायचं नसून स्वतःचं सॉफ्टवेअर हवंय. ती विक्री वेगळी, तिची किंमतही वेगळी, आणि ती महिन्याच्या दरात बसत नाही.

‘दुसऱ्या एजन्सीला देऊ नका’ ही मागणी फुकटात मान्य करायची नसते. एका एजन्सीपुरतं बांधून घ्यायचं असेल तर तिने किमान रकमेची हमी द्यावी. तीही एका धंद्याच्या प्रकारापुरती, समजा फक्त दवाखान्यांच्या किंवा फक्त घरबांधणीच्या क्लायंटपुरती, आणि सहा महिन्यांसाठी. हमी पुरी झाली नाही तर बंधन आपोआप सुटेल, त्यासाठी पुन्हा चर्चा लागणार नाही, असं शब्दांत हवं. तुमच्या थेट ग्राहकांना हे बंधन लागू नाही, हेही लिहा. राहून गेलं तर त्याचा अर्थ त्यांच्या सोयीने लावला जाईल. आणि निम्मा दर? तो त्यांना मिळू शकतो, पण चाळीस क्लायंट प्रत्यक्ष सुरू झाल्यावर आणि पहिला फोन त्यांनी घेतल्यावर. तेव्हा ५० मधून ८, २ आणि ७ जाऊन ३३ उरतील, ते परवडतं. तोवर वीस क्लायंटपर्यंत ६०, वीसच्या पुढे ५५, असे टप्पे ठेवा. आशेवर सवलत द्यायची नाही.

बाकीच्या ‘बघतो’वाल्यांकडे परत जाताना यादीतले सगळे घेऊ नका. ज्या एजन्सी आजही देखभालीची किंवा महिन्याच्या फीची योजना चालवतात, अशा तीन-चारच निवडा. जिला महिन्याला बिल करायची सवय नाही, तिला तुम्ही ती लावू शकणार नाही, तिच्या क्लायंटनाही नाही. त्या तिघा-चौघांना आधी त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर फुकट वापरू द्या. एजन्सीच्या स्वतःच्या चौकश्याही निरुत्तर पडून असतात हे महिन्याभरात त्यांना दिसतं, आणि मग विकताना त्यांना तुमच्या पत्रकाची गरज उरत नाही.

पत्र लहान ठेवा. डिझाइन एजन्सीला मी साधारण असं लिहीन:

‘तुम्ही केलेल्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून येणाऱ्या चौकश्या क्लायंटच्या मेलमध्ये हरवतात, आणि मग “वेबसाइटचा काही उपयोग होत नाही” हे तुम्हाला ऐकावं लागतं. आमचं सॉफ्टवेअर त्या चौकश्या एका जागी ठेवतं आणि उत्तर राहिलं तर आठवण करतं. ते तुम्ही तुमच्या देखभालीच्या योजनेत, तुमच्या दराने देऊ शकता. आम्ही दर क्लायंटमागे ६० घेतो. क्लायंटचा पहिला फोन तुमचा, त्यासाठी लागणारी उत्तरं आणि शिकवणं आमचं. फॉर्म बंद पडला तर रात्रीही आम्ही बघतो. करार चालू असताना आणि नंतर वर्षभर तुमच्या क्लायंटकडे आम्ही स्वतःहून जाणार नाही, हे करारात लिहिलेलं आहे. आधी तुमच्याच वेबसाइटवर महिनाभर लावून बघा, त्याचे पैसे नाहीत. वीस मिनिटं देऊ शकाल का?’

मार्केटिंग एजन्सीच्या पत्रात पहिली दोन वाक्यं बदला: जाहिरातीचं फळ क्लायंटला दिसत नाही म्हणून फी थांबते, आणि अहवाल आधी तुमच्या हातात येईल, टिपण जोडून मग पुढे जाईल. टक्के, लोगो, रंग यांचा उल्लेख दोन्ही पत्रांत नको. ते समोरच्याने विचारलं की सांगायचं.

मोठ्या एजन्सीला एस्क्रो, किमान हमी आणि टप्प्यांचे दर असं एक पानी उत्तर याच आठवड्यात पाठवा आणि तीन आठवड्यांची मुदत घाला. त्यांची सही आणि पहिली हमी जमा होईपर्यंत त्यांच्यासाठी म्हणून वेगळी कुठलीही सोय बांधायला घेऊ नका. डीकेआयएमची तपासणी आणि टिपण जोडायची सोय मात्र लगेच सुरू करा. ती दोन्ही कामं कुठलीही एजन्सी आली तरी लागणारच आहेत.